12A टोनर पावडरचं लिस्टिंग: रिटर्न नेमकं कुठून येतं?

अंधेरी, घाटकोपरच्या स्टेशनबाहेरच्या बऱ्याच झेरॉक्सवाल्यांकडे एचपीचा जुना LaserJet 1020 किंवा M1005 अजून राबतोय. दोघांनाही 12A (Q2612A) कार्ट्रिज लागतं. म्हणून त्याची रिफिल पावडर ऑनलाइन विकायला बरेच जण उतरतात आणि पहिल्याच महिन्यात रिटर्नने हैराण होतात. माल बहुतेक वेळा चांगला असतो, घोळ लिस्टिंगमध्ये असतो.

टायटलमध्ये नुसतं "12A टोनर" लिहिलं की ग्राहकाला वाटतं अख्खं कार्ट्रिज येणार. घरी येते पावडरची बाटली. म्हणून टायटलमध्येच "रिफिल पावडर, 100 ग्रॅम, 1 बाटली" असं लिहा. पहिल्या फोटोत फक्त बाटली दाखवा. शोभेला कार्ट्रिज ठेवलंत तर ते मिळणार असंच लोक धरतात. वर्णनात "कार्ट्रिज, ड्रम, ब्लेड यात नाही" ही ओळ हवीच.

मग प्रिंटर. "सर्व एचपी लेझरला चालेल" हे लिहू नका. M1005 आणि M1136 दोन्ही स्कॅनरवाली मशिन्स, पण M1136 ला 88A लागतं. त्यामुळे मॉडेल नंबर एकेक करून लिहा, आणि "M1136 साठी नाही" हेही लिहा. ग्राहक कार्ट्रिजवरचा नंबर वाचून ऑर्डर करेल असं सांगितलं तर आणखी बरं. आणि हो, "एचपी टोनर" नाही, "एचपी 12A ला चालणारी पावडर". कंपनीचा ओरिजिनल माल असल्याचा भास नको.

सगळ्यात अवघड पानांचा आकडा. एचपी स्वतःच्या 12A साठी साधारण 2000 पानं सांगते, पण पानाचा 5 टक्के भागच काळा होतो असं धरून, म्हणजे साधं छोटं पत्र. झेरॉक्सवाला दिवसभर आधारकार्डं काढतो. फोटो, काळपट बॅकग्राउंड! 10 टक्के भाग काळा झाला तर तीच पावडर निम्म्या, म्हणजे हजारेक पानांत संपते. एचपीचा आकडा उचलू नका. तुमची बाटली एका कार्ट्रिजमध्ये भरा (आधी जुनी वेस्ट पावडर काढून), साधा मजकूर छापत पानं मोजा, आणि "साध्या मजकुराची अमुक पानं, फोटो असतील तर कमी" असं लिहा.

एक तक्रार मात्र येणारच: "पावडर खराब आहे." तेव्हा प्रिंटचा फोटो मागवा. पानावर उभा फिका पट्टा असेल तर पावडर संपत आलीय किंवा नीट पसरली नाही, कार्ट्रिज आडवं हलवून बघायला सांगा. ठरावीक अंतरावर तोच काळा ठिपका येत असेल तर बहुतेक वेळा ड्रमला इजा झालेली असते. तो ड्रम तुम्ही विकलेलाच नाही, आणि ते तुमच्या लिस्टिंगमध्ये लिहिलेलं आहे.