मेमरी वाढवली आणि पेज फॉल्टही वाढले

प्रोग्रामला हवे असलेले पेज मेमरीत नसेल, तर ते डिस्कवरून आणावे लागते. हा पेज फॉल्ट. मेमरीतल्या फ्रेम, म्हणजे पेज ठेवण्याच्या जागा, भरलेल्या असतील तर नव्या पेजसाठी जुने एक काढावे लागते. कोणते काढायचे? फिफोचे उत्तर सोपे आहे: जे सर्वांत आधी आले, ते आधी जाईल. एलआरयू मात्र ज्या पेजला सर्वांत जास्त वेळ कोणी हात लावलेला नाही, ते काढते.

एका प्रोग्रामने या क्रमाने पेज मागितली असे समजा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५.

फिफोला ३ फ्रेम देऊ. सुरुवातीला मेमरी रिकामी, म्हणून पहिली तिन्ही पेज आणावीच लागतात. हे ३ फॉल्टही मोजायचे. मग ४ आले की १ जाते, पुन्हा १ हवे म्हणून २ जाते, २ हवे म्हणून ३ जाते, आणि ५ साठी ४ जाते. इथवर ७ फॉल्ट झाले, मेमरीत १, २, ५ आहेत. पुढची १ आणि २ आयती मिळतात. मग ३ आणि ४ आणावी लागतात, शेवटचे ५ मात्र अजून जागेवरच असते. एकूण ९.

आता फ्रेम ४ करू. पहिल्या चार मागण्यांना ४ फॉल्ट, पुढची १ आणि २ मेमरीतच सापडतात. पण चूक होते ती इथेच. १ नुकतेच वापरले म्हणून बरेचजण त्याला रांगेत मागे नेतात. फिफोत वापराने रांग हलत नाही. त्यामुळे ५ आले की १ बाहेर जाते, आणि लगेच १ च हवे असते! त्यासाठी २ जाते, तर पुढची मागणी २ ची. शेवटपर्यंत हेच चालते: जे काढले, तेच पुढे हवे. एकूण १०. जागा वाढूनही एक फॉल्ट जास्त. बेलाडी, नेल्सन आणि शेडलर यांनी १९६९ मध्ये हे दाखवले. त्याला बेलाडीची विसंगती म्हणतात.

हाच क्रम एलआरयूने सोडवताना प्रत्येक वापरानंतर ते पेज यादीच्या शेवटी न्यायचे. ४ फ्रेममध्ये ५ येते तेव्हा १ आणि २ ताजी असतात, म्हणून ३ जाते. नंतर फक्त शेवटची ३, ४, ५ आणावी लागतात. एकूण ८. ३ फ्रेममध्ये मात्र एलआरयूला १० फॉल्ट लागतात, म्हणजे तिथे फिफोच सरस. एलआरयू दर वेळी जिंकते असे नाही.

तरीही फ्रेम वाढल्यावर एलआरयूचे फॉल्ट कधीच वाढत नाहीत. ३ फ्रेममध्ये शेवटची वापरलेली ३ वेगवेगळी पेज असतात, ४ मध्ये तीच ३ आणि आणखी एक. लहान मेमरीत जे सापडते ते मोठीत सापडणारच. फिफोत ही हमी नाही: वरच्या क्रमात ५ पहिल्यांदा आणल्यावर ३ फ्रेममध्ये १, २, ५ असतात, आणि ४ फ्रेममध्ये २, ३, ४, ५. मोठ्या मेमरीत १ नाहीच.