दार लागतं, पण अडकत नाही

दार लोटलं की चौकटीला टेकतं, पण ‘टक्’ असा आवाज येत नाही. हात काढला की ते हळूच पुन्हा उघडतं. मग घरातल्या माणसांना सवय लागते: हँडल धरून दार जरा वर उचलायचं आणि ढकलायचं. उचलल्यावर दार अडकत असेल, तर कुलूप बिघडलेलं नाही. दार खाली उतरलं आहे आणि लॅचची तिरकी जीभ चौकटीवरच्या पट्टीतलं भोक चुकवते आहे.

दोष पावसाळ्याला दिला जातो, आणि तो अर्धाच खरा आहे. लाकूड पाणी पितं तेव्हा रेषांच्या आडवं फुगतं. रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही. दाराच्या उभ्या लाकडात रेषा उभ्या असतात. त्यामुळे पावसाळ्यात दार रुंदीला फुगून चौकटीला घासेल, पण जीभ वरखाली सरकण्याचं कारण सहसा बिजागरीतच सापडतं.

जीभ नेमकी कुठे आदळते हे डोळ्यांना दिसत नाही. तिच्या टोकाला थोडं ओलं कुंकू किंवा लिपस्टिक लावावी, दार लावावं आणि उघडून पट्टी पाहावी. भोकाच्या खाली डाग पडला, तर दार उतरलं आहे. डाग उंचीला बरोबर असून भोकाच्या अलीकडच्या कडेवर असेल, तर दार चौकटीत पुरेसं आतच जात नाही: मध्ये रंगाचे थर साचलेले असतात किंवा रबराची पट्टी जाड झालेली असते. आधी ते खरवडून पाहावं, पट्टीला हात नंतर लावावा.

एका फ्लॅटमधलं बेडरूमचं दार घेऊ. डाग भोकाच्या 4 मिमी खाली पडला होता. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होते आणि तिचं पान चौकटीपासून 2 मिमी सुटलं होतं. स्क्रू नुसते फिरत होते, म्हणून जुन्या भोकांत फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकल्या आणि वाळल्यावर लांब स्क्रू बसवले. कुलपाकडची कड 1 मिमी वर आली. बिजागऱ्यांमधलं अंतर दाराच्या रुंदीच्या दुप्पट होतं, त्यामुळे 2 मिमी घट्ट केल्यावर निम्माच फायदा मिळाला. उरलेले 3 मिमी बिजागरीच्या नळ्या एकमेकींवर घासून झिजल्यामुळे होते. ते पट्टीतच भरून काढायचे होते.

फरक एक-दोन मिमीचा असता तर कानशीने भोकाची खालची कड घासून काम भागलं असतं. इथे मात्र भोक आणि स्क्रू यांच्यामध्ये पाचच मिमी धातू होता. 3 मिमी घासला असता तर कड कमकुवत झाली असती. म्हणून पट्टी 3 मिमी खाली सरकवायची ठरली. इतकंसं सरकवणं हे जास्त सरकवण्यापेक्षा अवघड असतं. नवं भोक जुन्याला चिकटून पडतं आणि स्क्रू घसरून जुन्याच जागी जातो. त्यामुळे जुनी भोकं काड्यांनी बुजवली, रात्रभर वाळू दिली आणि नव्या जागी 2 मिमीचं बारीक भोक पाडून मग स्क्रू पिळले. पट्टी बसते ती उथळ खाच आणि मधला खड्डा, दोन्ही पटाशीने 3 मिमी खाली वाढवले. खड्डा वाढवायचा राहिला, तर पट्टीचं भोक जागेवर असूनही जीभ मागच्या लाकडावर आदळते, आणि ही चूक नेहमी होते.

लॅच लागला, तरी किल्लीचा दुसरा फेरा पुरा होईना. दार उघडं ठेवून किल्ली फिरवली तर ती सहज फिरत होती. म्हणजे अडचण खड्ड्याच्या खोलीची. बोल्ट 22 मिमी बाहेर येत होता. दार आणि चौकट यांच्यातली 3 मिमी फट वजा केली, तर पट्टीच्या पृष्ठापासून 19 मिमी खोली हवी. काडी घालून मोजलं तेव्हा ती 15 मिमीच भरली. ड्रिलच्या बिटवर 21 मिमीवर चिकटपट्टी गुंडाळून तेवढंच खोल भोक पाडलं, कोपरे पटाशीने साफ केले आणि भुसा काढला. राहिलेला भुसा बोल्ट दाबून घट्ट करतो आणि किल्ली पुन्हा अडते.

या वेळी जोर लावून किल्ली फिरवण्याचा मोह टाळावा. त्याने कुलपाच्या आतला भाग वाकतो किंवा किल्लीच तुटते. बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट असेल, तर पटाशीचा उपयोग नाही. तिथे बिजागरी सरळ करणं किंवा दारातलं कुलूपच थोडं सरकवणं, एवढेच मार्ग उरतात. लाकडी चौकटीत काम झाल्यावर पुन्हा कुंकू लावून पाहावं: दार न उचलता, एका बोटाने ढकलून लागलं आणि पट्टीवर नवा डाग पडला नाही, तर जीभ भोकात नीट शिरते आहे.