इंदुरात पाणी शंभराला उकळत नाही

स्वयंपाकघरातील तापमापक खरे बोलतो की नाही, हे पाहण्याचे साधन घरातच असते. एका टोकाला वितळणारा बर्फ आणि दुसऱ्या टोकाला उकळते पाणी, या दोन खुणांनीच तापमापकाची पट्टी मुळात आखली गेली. स्वीडनचे अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ साली आपली मोजपट्टी मांडली, तेव्हाच त्यांनी नोंदवून ठेवले होते की बर्फाची खूण स्थिर असते, पण उकळण्याची खूण हवेच्या दाबाबरोबर सरकते. इंदूरच्या गृहिणीने ध्यानात घ्यावयाचे ते नेमके हे सरकणे.

प्रथम बर्फ. बर्फ बारीक कुटून त्याने पेला काठोकाठ भरावा आणि फटी भरतील एवढेच गार पाणी वर ओतावे. पाणी जास्त झाले की बर्फ वर तरंगतो. पाणी चार अंशांजवळ सर्वांत जड असल्याने तळाशी त्याच तापमानाचे पाणी साचते, आणि बिचाऱ्या तापमापकावर विनाकारण आळ येतो. कुल्फीवाल्याकडचा बर्फही चालणार नाही, कारण त्यात मीठ असते आणि मिठाने पारा शून्याच्या बराच खाली जातो. तापमापकाचे टोक पेल्याच्या मध्यभागी, तळाला व कडेला न लागता धरून हलवीत राहावे आणि आकडा स्थिरावल्यावर वाचावा. तबकडीच्या तापमापकात उष्णता जाणणारा भाग दांड्यात काही अंतर वरपर्यंत असतो. म्हणून नुसते टोक बुडवून भागत नाही.

मग उकळते पाणी. काचेचा तापमापक बर्फातून थेट उकळत्या पाण्यात घातला तर तो तडकतो. मध्ये त्याला थोडी विश्रांती द्यावी. (ताप मोजण्याची डॉक्टरी काचनळी तर या परीक्षेला मुळीच लावू नये, ती फुटेल.) पाणी खळखळून उकळू द्यावे आणि टोक तळापासून वर ठेवावे, कारण भांड्याचा तळ पाण्यापेक्षा तापलेला असतो. चिमूटभर मिठाची चिंता नको. लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर मीठ पडले तरी उत्कलनबिंदू एका अंशाच्या दहाव्या हिश्शाइतकाही वाढत नाही.

आता आकडा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. साधारण तीनशे मीटरला एक अंश असा हिशेब धरला तर इंदुरात ते ९८.२ अंशांच्या आसपास उकळते. पुण्याचीही उंची जवळजवळ तेवढीच. मुंबईत मात्र शंभर. पावसाळ्यात दाब उतरला की इंदूरचा आकडा आणखी किंचित खाली येतो. याचा अर्थ असा की इंदुरात उकळत्या पाण्यात बरोबर १०० दाखविणारा तापमापक निर्दोष नव्हे, तर चुकलेला असतो.

समजा, एका घरच्या तापमापकाने बर्फात १ आणि उकळत्या पाण्यात १०० दाखविले. खाली तो १ अंश जास्त दाखवितो, वर १.८ अंश. मधल्या जागी चूकही मधली, म्हणजे ६३ अंशांपाशी सुमारे दीड अंश. घरी चीज करण्यासाठी दूध उकळत नाहीत. ते ६३ अंशांवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात. या घरी पट्टीवर ६३ दिसेल, तेव्हा दूध ६१.५ अंशांवरच असेल आणि ज्या जंतूंसाठी हा खटाटोप, त्यांतले काही जिवंत राहू शकतील. म्हणून येथे पट्टीवर ६४.५ येईपर्यंत दूध तापवावे. तबकडीखालचा नट फिरवून काटा सरकविता येतो, पण त्याने सर्व पट्टी एकदमच सरकते. दोन्ही टोकांची चूक निराळी असेल तर नटाने भागत नाही, कागदावर टिपून ठेवणेच बरे.

पाकाच्या बाबतीत मात्र वेगळी सोय आहे. पाण्यात थेंब टाकला असता मऊ गोळी होईल असा पाक पुस्तकांत ११२ ते ११५ अंशांचा सांगितलेला असतो. तो समुद्रसपाटीचा, म्हणजे पाणी उकळते त्याच्या १२ ते १५ अंश वर. आपल्या तापमापकाने आपल्याच चुलीवर पाणी कोणत्या आकड्याला उकळते ते पाहावे आणि त्यात १२ ते १५ मिळवावेत. वरील सदोष तापमापकावर ते ११२ ते ११५च येतात आणि पाक जमतो, कारण त्याची चूक आणि इंदूरची उंची येथे एकमेकींना कापतात. निर्दोष तापमापकावर हेच आकडे ११० ते ११३ होतात, आणि पुस्तकाप्रमाणे ११५ पर्यंत थांबणाऱ्याच्या वड्या दगड होतात.

कचोरीच्या तेलाविषयी मात्र ही परीक्षा काही सांगत नाही. ते शंभराच्या बरेच वर असते, आणि शंभराच्या अलीकडे खरा ठरलेला तापमापक तेथेही खराच असेल असे धरता येत नाही.