चार पीईचा शेअर

मार्च २०२२ च्या शेवटी टाटा स्टीलचा शेअर १,३०० रुपयांच्या आसपास होता. त्या आर्थिक वर्षाचा निकाल मे महिन्यात लागला तेव्हा कंपनीने एका शेअरमागे सुमारे ३३२ रुपये नफा दाखवला. भावाला या नफ्याने भागा, उत्तर येतं ३.९. म्हणजे पीई चारच्याही खाली. हाच भागाकार उलटा करून नफ्याला भावाने भागलं तर अर्निंग्ज यील्ड मिळतं: शंभर रुपये गुंतवल्यावर कंपनी तुमच्या वाट्याला वर्षाला किती रुपये कमावते त्याचा आकडा. इथे तो साडेपंचवीस टक्के होता. त्याच वेळी दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवर सात टक्क्यांहूनही कमी व्याज मिळत होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही वाटेल, इतका स्वस्त शेअर सोडायचा कसा?

पुढचं वर्ष सरलं. जुलै २०२२ मध्ये एका शेअरचे दहा झाले होते, त्यामुळे जुना १,३०० रुपयांचा भाव आता १३० च्या बरोबरीचा. मार्च २०२३ अखेर बाजारात भाव होता सुमारे १०५ रुपये. एका शेअरमागचा नफा ३३ रुपयांवरून साधारण सात रुपयांवर आला होता. भाव पाचव्या हिश्श्याने खाली आणि पीई मात्र पावणेचारपटीने वर, जवळजवळ १५. ज्याने चारचा पीई पाहून शेअर घेतला, त्याने भागाकारात काहीच चूक केली नव्हती. त्याने ज्या नफ्याने भागलं तो नफा टिकणारा नव्हता.

पीईच्या सूत्रात भाव रोज बदलतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष भावाकडे असतं. नफा वर्षातून चार वेळा जाहीर होतो आणि तो छापील आकडा असल्यामुळे पक्का वाटतो. माझ्या मते खरी पारख इथे, या खालच्या आकड्याची करायला हवी. तो कोणत्या वर्षाचा आहे, कशातून आला आहे आणि पुन्हा येणार आहे का, हे कळल्याशिवाय पीई स्वस्त की महाग ते सांगता येत नाही.

२०२१-२२ मध्ये नेमकं काय झालं होतं? कोविडची टाळेबंदी उठल्यावर जगभर पोलादाची मागणी एकदम वाढली, चीनने उत्पादनाला आवर घातला आणि भाव चढत गेले. पोलाद कारखान्याचा बराचसा खर्च ठरलेला असतो. भट्ट्या, पगार, कर्जाचं व्याज यांत पोलादाच्या भावाप्रमाणे चढउतार होत नाही. शिवाय टाटा स्टीलकडे लोहखनिजाच्या स्वतःच्या खाणी आहेत. अशा वेळी टनामागे वाढून मिळालेल्या पैशांतला मोठा भाग थेट नफ्यात उतरतो. पण भाव पडले की नफा तितक्याच वेगाने आटतो. पुढे घडलं तेच. कोकिंग कोळसा महागला, मे २०२२ मध्ये सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं, ते नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं, तोवर देशातले भाव उतरले होते. त्यात ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या कारखान्यांची दुखणी होतीच.

आता मे २०२२ मध्ये निकाल लागला तेव्हा, पुढचं काही ठाऊक नसताना, साध्या वाचकाला काय करता आलं असतं ते पाहू. कंपनीचे मागचे वार्षिक अहवाल उघडायचे आणि एकत्रित निव्वळ नफ्याची ओळ उतरवून घ्यायची. २०१८-१९ साली सुमारे ९,१०० कोटी रुपये, २०१९-२० साली जेमतेम १,१७० कोटी, २०२०-२१ साली ८,१९० कोटी आणि २०२१-२२ साली ४१,७५० कोटी. हे चार आकडे एकाखाली एक लिहिले की शेवटचा आकडा वेगळा उठून दिसतो. चारही वर्षांची सरासरी येते १५,००० कोटींच्या आसपास. तेव्हा कंपनीचे सुमारे १२२ कोटी शेअर होते, म्हणजे शेअरमागे साधारण १२३ रुपये. १,३०० ला १२३ ने भागलं तर पीई साडेदहा, यील्ड साडेनऊ टक्के. विक्रमी वर्ष बाजूला ठेवून आधीच्या तीन वर्षांचीच सरासरी घेतली तर शेअरमागे ५० रुपये, पीई २६ आणि यील्ड चार टक्क्यांहून थोडं कमी.

कोकणात हापूसची बाग वर्षाआड भरून येते, हे ठाऊक असलेला माणूस भरलेल्या वर्षाच्या पिकावर बागेची किंमत ठरवत नाही. पोलाद, साखर, सिमेंट, रसायनं यांचं चक्र इतकं नियमित नसतं, पण हिशेब तोच. अमेरिकेत बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ सालीच लिहून ठेवलं होतं की शेअरची मिळकत निदान पाच वर्षांच्या, जमल्यास सात ते दहा वर्षांच्या सरासरीने मोजावी. १९२९ ची पडझड त्यांनी जवळून पाहिली होती. अशा धंद्यांत पीई बहुधा उलटा बोलतो. मार्च २०२० मध्ये टाटा स्टीलचा शेअर २७० रुपयांच्या आसपास होता आणि आटलेल्या नफ्यावर पीई वीसच्या वर. आकड्यावरून महाग वाटणारा तो शेअर दोन वर्षांत जवळजवळ पाचपट झाला, आणि चारच्या पीईला स्वस्त दिसणारा पुढच्या वर्षभरात उतरला.

सरासरीलाही मर्यादा आहे. टाटा स्टीलने २०१८ मध्ये भूषण स्टील विकत घेतली, त्यामुळे कंपनीचा आकारच बदलला. त्याआधीची वर्षं सरासरीत ओढली तर लहान कंपनीचा नफा मोठ्या कंपनीच्या भावाशी ताडला जातो. म्हणून वरच्या हिशेबात मी २०१८-१९ च्या मागे गेलो नाही. चारच वर्षं ही ग्रॅहमच्या मापाने तोकडी आहेत, आणि त्यामुळेच एका उत्तराऐवजी टप्पा मिळतो: पीई साडेदहा ते २६ च्या दरम्यान. हा टप्पा रुंद आहे, पण चारपासून तो किती दूर आहे ते पाहा.

यील्डबद्दल एक गैरसमज फार पसरलेला दिसतो. साडेपंचवीस टक्के अर्निंग्ज यील्ड म्हणजे तेवढे पैसे हातात येतात असं नाही. त्या वर्षी ३३२ रुपयांच्या नफ्यातून कंपनीने ५१ रुपये लाभांश दिला, म्हणजे भावाच्या चार टक्क्यांच्या आत. बाकीचा नफा कंपनीकडेच राहतो, कर्ज फेडण्यात, कारखाना वाढवण्यात जातो. त्याचं पुढे काय होतं यावर भागधारकाचा फायदा ठरतो. रोख्याचं व्याज ठरलेल्या तारखेला ठरलेल्या रकमेने मिळतं. म्हणून रोख्याच्या सात टक्क्यांशी यील्डची तुलना करायची असेल तर ती सरासरी नफ्यावरच्या यील्डची करावी, आणि तीही रोख्याइतकी खात्री इथे नाही हे धरून.

तरीही दोन्हींतलं एकच माप ठेवायचं झालं तर मी यील्ड ठेवेन. त्याचं कारण टाटा स्टीलच्याच २०२३-२४ च्या निकालात आहे. त्या वर्षी कंपनीने ४,९१० कोटींचा एकत्रित तोटा दाखवला. पीईच्या जागी स्क्रीनवर आडवी रेघ येते, कारण तोट्याने भागून निघालेल्या पीईला अर्थ नाही. यील्ड मात्र काढता येतं. भाव सुमारे १५५ रुपये, शेअरमागे तोटा साडेतीन रुपयांहून किंचित जास्त, म्हणजे उणे सव्वादोन-अडीच टक्के. नफा शून्याजवळ आला की पीई शंभर, पाचशे असा वाटेल तिकडे उडतो. यील्ड तेव्हा फक्त लहान होतं. आणखी एक गोष्ट: त्याच वर्षी भारतातल्या मूळ कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदात नफा होता, तोटा आला तो परदेशातला हिशेब मिळवल्यावर. पीई स्वतंत्र नफ्यावर काढला असेल तर तोट्याचा पत्ताच लागत नाही. शेअर घेणारा सगळ्या उपकंपन्यांचाही भागीदार होतो, तेव्हा निकालात ‘कन्सॉलिडेटेड’ असं लिहिलेलं पानच उघडायचं.

नफा फुगण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो चक्राशी संबंधित नाही. १ जानेवारी २०२५ पासून आयटीसीचा हॉटेलांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीत गेला. हिशेबाच्या नियमांप्रमाणे या विभाजनातून सुमारे १५,००० कोटींचा लाभ मार्च २०२५ अखेरच्या तिमाहीत नोंदवला गेला, आणि त्या तिमाहीचा एकत्रित नफा १९,८०० कोटींच्या घरात गेला. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत तो ५,२०० कोटींपेक्षा थोडा कमी होता. सिगारेट, आटा, कागद जितका खपत होता तितकाच खपत होता. पूर्ण वर्षाचा छापील नफा शेअरमागे २८ रुपयांच्या जवळ, भाव सव्वाचारशेच्या आसपास, म्हणून पीई १५ आणि यील्ड साडेसहा टक्के. एकदाच आलेले ते १५,००० कोटी वजा केले की शेअरमागे साडेपंधरा रुपये उरतात, पीई २७ वर जातो आणि यील्ड पावणेचारवर येतं.

हे ओळखायला निकालाच्या तक्त्यात दोन जागा बघाव्या लागतात. एक ‘एक्सेप्शनल आयटम्स’ची ओळ आणि दुसरी ‘डिसकंटिन्यूड ऑपरेशन्स’, म्हणजे बंद केलेल्या किंवा वेगळ्या काढलेल्या व्यवसायाची. आयटीसीच्या तक्त्यात चालू व्यवसायाचा नफा वेगळा दिलेला होता. शेअरमागच्या नफ्याचेही निरनिराळे आकडे छापलेले असतात, आणि पीईसाठी चालू व्यवसायाचा घ्यायचा. तळटिपा बारीक अक्षरांत असतात, पण खुलासा तिथेच असतो.

संकेतस्थळांवरचा पीई बहुधा लागोपाठच्या मागच्या चार तिमाहींच्या बेरजेवर काढलेला असतो. नवी तिमाही आत आली की सर्वांत जुनी बाहेर जाते. त्यामुळे असा एकवेळचा लाभ एकदा शिरला की वर्षभर त्या बेरजेत मुक्काम ठोकतो आणि वर्षभर शेअर स्वस्त दिसत राहतो. आयटीसीच्या बाबतीत मार्च २०२६ अखेरच्या तिमाहीचा निकाल लागला की ती फुगलेली तिमाही बेरजेतून गळून पडते. भाव आणि धंदा जागचे हलले नाहीत, तरी दुरुस्ती न केलेला पीई त्या एका दिवसात १५ वरून २७ वर जातो.