उत्तर आल्यावर काय बोलाल?

सभागृहात बोलणाऱ्याला समोरचे चेहरे दिसतात. कपाळावर आठ्या दिसल्या की तो थांबतो आणि एखादे उदाहरण देऊन पुढे जातो. झूमच्या वेबिनारमध्ये श्रोत्यांचे चेहरे दिसत नाहीत, वक्त्याला दिसतो तो उपस्थितांचा आकडा. ही उणीव पोलने बरीच भरून काढता येते. त्यासाठी मी एक नियम पाळतो: ज्या पोलच्या उत्तराने माझे पुढचे बोलणे बदलणार नाही, तो पोल घ्यायचा नाही.

माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा, यावर शेतकऱ्यांसाठी ४५ मिनिटांचा वेबिनार आखायचा आहे असे समजू. एवढ्या वेळेला तीन पोल पुरतात.

पहिला तिसऱ्याच मिनिटाला घ्यावा. प्रश्न सोपा असावा: ‘अहवाल आत्ता हाताशी आहे, घरात कुठेतरी आहे, की माती अजून तपासलीच नाही?’ इथे चूक-बरोबर काही नसल्यामुळे लोक न बिचकता बोट लावतात आणि पोल कसा द्यायचा हेही त्यांना कळते. बहुतेकांनी मातीच तपासली नसेल, तर शेतातून नमुना कसा घ्यायचा हे आधी सांगावे लागेल. अहवाल हाताशी असेल, तर थेट सामू आणि सेंद्रिय कर्बाच्या रकान्यांकडे वळता येते. या दोन्ही वाटांच्या स्लाइड आधीच तयार हव्यात.

दुसरा पोल पंधराव्या मिनिटाला, आणि तोही माहिती देण्यापूर्वी. चुनखडीच्या जमिनीतल्या सोयाबीनचा फोटो दाखवायचा: कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. कमतरता कशाची? पर्याय तीन: नत्र, लोह, सांगता येत नाही. स्वतःचा अंदाज एकदा नोंदवला की माणूस उत्तर ऐकायला थांबतो. ‘पाणी साचले’ हा चौथा पर्याय घालण्याचा मोह होईल. पण चुनखडीच्या जमिनीत पाणी साचल्यानेही पिकाला लोह मिळेनासे होते, म्हणजे दोन उत्तरे बरोबर ठरतील आणि पुढची पाच मिनिटे खुलाशात जातील. पर्याय तपासताना ही गफलत आधी शोधावी. ‘सांगता येत नाही’ मात्र ठेवावेच, नाहीतर अंदाजाने दाबलेली बोटे ज्ञान म्हणून मोजली जातात.

बहुतेकांनी ‘नत्र’ निवडले, तर चार मिनिटे दोन पानांचे फोटो शेजारी ठेवून समजवायचे: नत्राची कमतरता जुन्या, खालच्या पानांपासून दिसू लागते, लोहाची कोवळ्या पानांवर. बहुतेकांनी ‘लोह’ निवडले, तर हा भाग मिनिटात आवरून उपायांकडे जायचे.

तिसरा पोल तिसाव्या मिनिटाला: ‘पुढच्या दहा मिनिटांत काय सविस्तर हवे? सामू, सेंद्रिय कर्ब की सूक्ष्म अन्नद्रव्ये?’ ज्याला जास्त मते, तो विषय घ्यायचा. उरलेला वेळ प्रश्नोत्तरांना.

पोल चालवायला दुसरा माणूस हवा. प्रश्न आदल्या दिवशी झूममध्ये भरून ठेवावेत आणि मोबाईलवर उघडून पाहावेत, कारण लांबलचक पर्याय छोट्या स्क्रीनवर वाचवत नाहीत. पोल सुरू झाला की वक्त्याने प्रश्न आणि पर्याय मोठ्याने वाचावेत. तीस-चाळीस सेकंद पुरतात. मते यायची मंदावली की बंद करावा. त्यानंतर Share Results दाबायला विसरू नये, नाहीतर निकाल श्रोत्यांना दिसतच नाही.

निकाल वाचताना टक्क्यांआधी मते मोजावीत. समजा १२० जण हजर आहेत. पहिल्या पोलला ९० जणांनी मत दिले आणि दुसऱ्याला ४०. त्या ४० पैकी ३० जणांचे उत्तर बरोबर आले, तर पडद्यावर ७५ टक्के दिसेल आणि वक्ता खूश होईल. पण ८० जण गप्प आहेत. प्रश्न अवघड होता, की लोक फोन ठेवून उठले? चॅटमध्ये ‘आवाज येतोय का, एक लिहा’ असे विचारले की बरेचसे कळते. भराभर ‘१’ आले तर माणसे आहेत, प्रश्न अवघड गेला. तोच मुद्दा सोप्या उदाहरणाने पुन्हा सांगावा. चॅटही रिकामेच राहिले तर जास्त बोलून उपयोग नाही, तो भाग आटोपता घ्यावा.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. हाच कार्यक्रम यूट्यूबवरही दाखवत असाल, तर तिथल्या प्रेक्षकांना झूमचा पोल देता येत नाही आणि प्रक्षेपण काही सेकंद मागे असते. साधा फोन लावून ऐकणाऱ्यालाही मत देता येत नाही. त्यांना प्रश्न वाचून दाखवून उत्तर वहीत लिहायला सांगावे.

पुढचा वेबिनार आखताना प्रत्येक पोलखाली दोन ओळी लिहा: असे उत्तर आले तर काय बोलेन, तसे आले तर काय बोलेन. दोन्ही ओळी सारख्याच आल्या, तर तो पोल खुशाल वगळा.