रात्रीच का तुटते जोडणी?

टेलिफोनच्या तांब्याच्या तारांची जागा अनेक ठिकाणी प्रकाशतंतूंनी घेतली आहे. तरीही काही घरांत ब्रॉडबँड अजून जुन्या तारेवरूनच येते. दिवसभर सुरळीत चालणारी जोडणी रात्री वारंवार तुटते, अशी तक्रार तेथे ऐकू येते. असे का होत असावे बरे? याचा शोध घेण्याचे साधन घरातच असते. ते म्हणजे मोडेम!

मोडेमच्या माहितीपानावर ‘Line Attenuation’ आणि ‘SNR Margin’ असे दोन आकडे डेसिबलमध्ये दिसतात. पहिला आकडा म्हणजे संदेशाचे क्षीणन. समजा, तो ४० आहे. दर १० डेसिबलला शक्ती दहापट घटते. म्हणजे केंद्रातून निघालेल्या शक्तीचा दहा हजारावा भागच घरी पोहोचतो. एडीएसएल पद्धतीत असा आकडा साधारण तीन किलोमीटर लांबीची तार दर्शवतो. तारेची लांबी रोज बदलत नाही, म्हणून हा आकडाही जवळजवळ स्थिर राहतो. पावसाळ्यात तो वाढला, तर एखाद्या सांध्यात पाणी शिरल्याचा संशय घ्यावा.

दुसरा आकडा म्हणजे गोंगाटाविरुद्ध शिल्लक असलेली सवलत. जोडणी होताना मोडेम साधारणपणे ६ डेसिबल सवलत राहील असा वेग ठरवतो. समजा, दुपारी २ वाजता ती ६ होती आणि रात्री ९ वाजता ३ झाली. क्षीणन मात्र ४० च आहे. याचा अर्थ संदेश तेवढाच आहे, पण गोंगाटाची शक्ती दुप्पट झाली आहे. ती चौपट झाली की सवलत शून्यावर येते आणि जोडणी तुटू लागते.

हा गोंगाट रात्रीच कोठून येतो? एडीएसएल सुमारे ११०० किलोहर्ट्‌झपर्यंतच्या वारंवारता वापरते आणि मध्यम लहरींवरील अनेक रेडिओ केंद्रे याच पट्ट्यात असतात. दिवसा आयनांबराचा खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरळ होतो आणि दूरच्या केंद्रांच्या लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येतात. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्यामुळे दोहोंत सारखाच उपद्रव शिरतो व वजा होऊन जातो. पण एका तारेचा सांधा गंजला की हा समतोल बिघडतो आणि तारच एरियल बनते.

हे आकडे तपासताना एक काळजी घ्या. जोडणी तुटून पुन्हा झाली, की मोडेम वेग कमी करतो आणि सवलत परत ६ दाखवतो. दोष गेला असे त्यावरून वाटेल! म्हणून वेळ, क्षीणन, सवलत आणि वेग हे चारही रोज दुपारी व रात्री वहीत लिहा. मग एके रात्री घरातील इतर फोन काढून, तार घरात शिरते तेथेच मोडेम जोडून पाहा. सवलतीची घसरण थांबली तर दोष घरातल्या तारेत आहे. न थांबल्यास तो बहुधा बाहेर आहे. मग ती वहीच लाइनमनला दाखवा.