विजेचा खांब तिरका का दिसतो?

मोबाइल झर्रकन उजवीकडे फिरवला, की व्हिडिओत विजेचा सरळ खांब तिरका होतो. कारण सेन्सर अख्खे चित्र एकदम टिपत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचतो. याला रोलिंग शटर म्हणतात. समजा, या वाचनाला 1/50 सेकंद लागतो आणि खांब अर्ध्या सेकंदात 1920 पिक्सेलची चौकट ओलांडतो. तळाची ओळ वाचेपर्यंत तो सुमारे 77 पिक्सेल डावीकडे सरकलेला असतो. हात थरथरला तर हाच कल उलटसुलट होतो आणि चित्र जेलीसारखे डुलते.

शटर स्पीड वाढवून फक्त धूसरपणा कमी होतो, तिरकेपणा तसाच राहतो. तोच खांब दोन सेकंदांत ओलांडू द्या, सरक 19 पिक्सेलवर येते. बऱ्याच फोनमध्ये 60 फ्रेम्सवर वाचनही जलद होते. तेही करून पाहा. झूम मात्र टाळाच.